फुल फॉर्म लिहिला म्हणजे समजावलं, असं नाही

इंदूरला रामबागेत ड्रेस डिझायनिंग करणाऱ्या एखाद्या ताईंना टॅक्सवाल्याकडून असा मेल जातो: "आपले जुलैचे ITC रु. १८,००० 2B मध्ये रिफ्लेक्ट होत नाहीये, सप्लायरकडे फॉलोअप करा." ताई "ओके" लिहून मोकळ्या, कारण विचारायचं काय हेच कळत नाही.

मग कोणी सांगतं की शॉर्ट फॉर्म काढा, म्हणून ITC च्या जागी "इनपुट टॅक्स क्रेडिट" येतं. हा झाला फुल फॉर्म, अर्थ नाही झाला आणि माझ्या मते हे जास्त धोक्याचं, कारण ITC वाचून माणूस निदान अडतो तरी, "क्रेडिट" वाचून त्याला वाटतं की बँकेत पैसे जमा व्हायचे आहेत, उशिरा होतील, काय बिघडलं! "रिफ्लेक्ट" पण तसंच, शब्द ओळखीचा आहे म्हणून कोणी विचारतच नाही.

अर्थ सांगायचा तर पैसे कुठून निघाले, कुठे अडकले आणि आता ताईंनी काय करायचं, एवढं लिहावं लागतं:

"ताई, जुलैत तुम्ही १ लाखाचा कॉम्प्युटर घेतला, त्यावर १८,००० जीएसटी दुकानदाराला दिला. तो तुमच्या टॅक्समधून वजा होतो, पण दुकानदाराने त्याच्या रिटर्नमध्ये तुमचं बिल दाखवलं तरच. ११ ऑगस्टपर्यंत त्याने ते दाखवायला हवं होतं, दाखवलेलं नाही. तुमचा या महिन्याचा टॅक्स २५,००० आहे, त्यामुळे २० तारखेपर्यंत ७,००० ऐवजी पूर्ण २५,००० भरावे लागतील. त्याने पुढच्या रिटर्नमध्ये बिल टाकलं तर १८,००० पुढच्या महिन्यात वजा होतील, बुडत नाहीत. आज त्याला फोन करा."

मेल लांबला हे खरं, पण यात किती, कधी आणि कोणी हे तिन्ही आलं. पाठवायच्या आधी हेच तपासायचं, की आपला फोन न येता ताई पुढचं काम करू शकतील का. फुल फॉर्मवाला मेल इथेच नापास होतो.

कायद्याचं कलम, पोर्टलवरच्या लेजरचं नाव, हे सरळ काढून टाका, ताईंना त्याचं काहीच करायचं नाहीये. पण सगळेच शॉर्ट फॉर्म उडवू नका बरं का. GSTR-2B हे नाव पोर्टलवर तसंच दिसतं, म्हणून ते राहू द्या आणि पुढे लिहा, "दुकानदारांनी दाखवलेल्या तुमच्या बिलांची यादी, दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होते."

आणि खाली एक ओळ वेगळी द्या, ताईंनी दुकानदाराच्या अकाउंटंटला जशीच्या तशी फॉरवर्ड करायला: "हे बिल आमच्या 2B मध्ये नाही, पुढच्या GSTR-1 मध्ये ॲड करा." सोबत बिल नंबर, तारीख आणि ताईंचा जीएसटी नंबर. ही ओळ सोपी करत बसू नका, ती वाचणारा याच धंद्यातला आहे, त्याला असंच लिहिलेलं पटकन कळतं.