सबसिडी 'जमा होईल' म्हणजे कुणाच्या, कुठे आणि कधीपासून

बेळगावच्या वडगाव, शहापूर भागातल्या गॅस एजन्सीच्या फळ्यावर सूचना लागते ती कानडीत, फार तर जोडीला इंग्रजी. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून सरकारी कागद आधी शेजाऱ्याकडून वाचून घ्यायची सवय इथल्या मराठी घरांना आहे. चंदगडहून नुकत्याच आलेल्या घराला तर कानडी लिपीच नवी. मग कुणीतरी फोनवर फोटो मागवून मराठी करून देतं: 'सिलिंडरची पूर्ण किंमत भरावी. सहायधन ग्राहकाच्या आधार-संलग्न खात्यात जमा होईल. घरपोच देताना सांकेतिक क्रमांक द्यावा.' भाषांतर बरोबर आहे, पण नव्या माणसाला त्यातून काही कळत नाही. या तीन वाक्यांमागे दहा-बारा वर्षांतले वेगवेगळे निर्णय एकावर एक बसलेले आहेत.

पूर्वी सवलत किमतीतच असायची. एजन्सीत भरायची रक्कमच कमी, त्यामुळे सबसिडी मिळाली की नाही हा प्रश्नच नव्हता. मात्र घरगुती स्वस्त टाक्या हॉटेलांकडे वळायच्या, म्हणून जून 2013 मध्ये निवडक जिल्ह्यांत पैसे थेट खात्यात टाकायला सुरुवात झाली. मध्ये ती थांबली, नोव्हेंबर 2014 मध्ये 'पहल' या नावाने पुन्हा आली आणि 1 जानेवारी 2015 पासून देशभर लागू झाली. पहिलं वाक्य तिथून आलं: आधी पूर्ण पैसे द्या, सवलत मागाहून.

पण ही मागाहूनची सवलत आता सगळ्यांना नाही, आणि हे सूचनेत कुठेच नसतं. मे 2020 मध्ये जागतिक बाजारात दर इतके पडले की देण्यासारखा फरकच उरला नाही. पुढे दर चढले, सबसिडी मात्र बहुतेक ठिकाणी परतली नाही. मे 2022 मध्ये उज्ज्वला योजनेच्या टाकीमागे 200 रुपये जाहीर झाले, ऑक्टोबर 2023 मध्ये ते 300 झाले. साध्या जोडणीवाल्याला 'जमा होईल' असं मराठी करून देणं म्हणजे त्याला नसलेल्या पैशाची वाट बघायला लावणं. म्हणून मराठी करणाऱ्याने आधी विचारावं, जोडणी उज्ज्वलाची आहे का?

चंदगडच्या त्या घरी होती, बाईंच्या नावावर. गावच्या एजन्सीत टाकी आणि रेग्युलेटर जमा करून त्यांनी जोडणी बंद केल्याचा कागद, म्हणजे टर्मिनेशन व्हाउचर, आणला होता. शेगडी सोबत आली. इथल्या एजन्सीने त्यावर जोडणी दिली. टाकी मिळाली, पण बाईंचं म्हणणं, "पैसे काय आले नाहीत हो दादा, पासबुक भरून आणलं की."

पासबुक गावच्या बँकेचं होतं. बेळगावात कामाला लागल्यावर त्यांनी पगारासाठी दुसरं खातं उघडलं होतं आणि तिथे आधार जोडलं होतं. आधारवरून येणारे पैसे एजन्सीला दिलेल्या खाते क्रमांकाकडे बघत नाहीत. सरकारी लाभासाठी शेवटी ज्या बँकेत आधार जोडलं, तिथे ते जातात. नव्या खात्यात 300 रुपये आलेले होते. तेव्हा दुसऱ्या वाक्याचं मराठी असं हवं: 'तुम्ही उज्ज्वलाचे ग्राहक असाल, तर टाकी मिळाल्यावर काही दिवसांत 300 रुपये येतील. सगळ्यात शेवटी ज्या बँकेत आधार जोडलं, तिथलं खातं बघा.' तिथेही नसतील तर आधार नेमकं कुठे जोडलंय ते बँकेत विचारायचं आणि जोडणीची ई-केवायसी झालीय का ते एजन्सीत.

तिसरं वाक्य सगळ्यात नवं. घरपोच टाकी दुसरीकडे जाऊ नये म्हणून 2020 च्या अखेरीस मोबाइलवर येणारा अंकी कोड मागायला सुरुवात झाली. बुकिंग झालं की तो नोंदवलेल्या नंबरवर येतो आणि टाकी आणणाऱ्याला सांगावा लागतो. बाईंच्या जोडणीवर नंबर दिराचा, आणि दीर चंदगडला. गाडीवाला दारात, कोड तिकडे, आणि फोन लागेना. जोडणी बदलून घेताना नंबरही बदलून घ्यायचा असतो, हे एजन्सीतल्या घाईत कुणी सांगत नाही. 'सांकेतिक क्रमांक' वाचून बाई ग्राहक क्रमांकाचं पुस्तक घेऊन आल्या होत्या, त्यांची काय चूक? सरळ 'मोबाइलवर आलेला ओटीपी' लिहावं.

पावतीबद्दल एक ओळ मी स्वतःहून घालतो: पावतीवरच्या रकमेत घरपोचचा खर्च धरलेला असतो, वरच्या मजल्याचे म्हणून वेगळे पैसे द्यायचे नसतात. आणि उज्ज्वलावाल्यांसाठी आणखी एक. 300 रुपयांची सवलत पूर्वी वर्षाला 12 टाक्यांवर होती, 2025-26 साठी ती 9 वर आणली. हे वर्ष एप्रिल ते मार्चचं. दहावी टाकी मिळते, तिच्यावर पैसे येत नाहीत.