फॉर्म्युला खाली ओढला की कर शून्य का येतो?
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दर महिन्याला विवरणपत्र भरण्यासाठी तुम्ही विक्रीची एक्सेल फाइल आमच्याकडे पाठवता. त्या फायलींत सर्वाधिक सापडणारी चूक आकडेमोडीची नसते. पहिल्या ओळीतला फॉर्म्युला अगदी बरोबर असतो, तो खाली कॉपी करताना बिघडतो. शिवाय बऱ्याचदा एक्सेल कसलीच सूचना देत नाही, म्हणून चूक नजरेतून सुटते. ती कशी होते आणि कशी टाळायची, हे एका छोट्या बिलावरून पाहू.

समजा, A मध्ये मालाचे नाव, B मध्ये नग, C मध्ये करापूर्वीचा दर आणि D मध्ये किंमत आहे. दुसऱ्या ओळीत तूप 10 नग, दर 600, किंमत 6000. तिसरीत पाकीटबंद फरसाण 40 नग, दर 90, किंमत 3600. चौथीत लोणी 20 नग, दर 260, किंमत 5200. तिन्हींवर जीएसटी 5 टक्के, आणि तो दर बाजूला H1 या सेलमध्ये 5% असा एकदाच लिहिला आहे. कराची रक्कम E मध्ये हवी, म्हणून E2 मध्ये हा फॉर्म्युला घातला:

```
=D2*H1
```

उत्तर 300, म्हणजे बरोबर. आता हाच फॉर्म्युला खाली ओढा. E3 मध्ये 0 येतो, E4 मध्येही 0. बेरीज दिसते 300, प्रत्यक्षात हवी 740. एवढ्याशा बिलात 440 रुपये कर कमी दाखवला गेला आणि शीट मात्र नीटनेटकी दिसते.

कारण असे, की तुम्ही H1 लिहिता तेव्हा एक्सेल ते "माझ्यापासून तीन रकाने उजवीकडे आणि एक ओळ वर" असे समजून घेतो. E3 मध्ये कॉपी झाल्यावर तीन रकाने उजवीकडे, एक ओळ वर असलेला सेल H2 असतो आणि तो रिकामा असतो. एक्सेल रिकामा सेल शून्य धरतो. याला सापेक्ष संदर्भ म्हणतात. D2 च्या बाबतीत हेच वागणे आपल्या सोयीचे असते, कारण प्रत्येक ओळीला तिच्याच ओळीतली किंमत हवी असते. "समोरच्या घरी दे" आणि "घर क्रमांक अमुक, गल्ली तमुक येथे दे" या दोन निरोपांत जो फरक, तोच इथे आहे: पहिल्याचा अर्थ तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरतो. कराच्या दरासाठी दुसऱ्या प्रकारचा, पूर्ण पत्ता लागतो. तो डॉलरच्या चिन्हाने लिहितात:

```
=D2*$H$1
```

H च्या आधीचा डॉलर रकाना बांधून ठेवतो, 1 च्या आधीचा ओळ. हा झाला निरपेक्ष संदर्भ. आता खाली ओढल्यावर D2 चा D3, D4 होत जातो आणि $H$1 जागचा हलत नाही. कर 300, 180, 260 येतो. रुपयांच्या हिशेबात डॉलर कुठून आला, असे काही जण विचारतात. त्याचा चलनाशी संबंध नाही.

डॉलर हाताने टाइप करायची गरज नाही. फॉर्म्युला लिहिताना कर्सर H1 वर असतानाच F4 दाबा. पुन्हा पुन्हा दाबल्यास $H$1, H$1, $H1 आणि परत H1 असे चार प्रकार फिरतात. काही लॅपटॉपवर Fn धरून F4 दाबावे लागते, मॅकवर Command आणि T. फक्त खालीच कॉपी करायचे असेल तर H$1 देखील पुरतो, कारण तेव्हा रकाना बदलतच नाही. तरीही आम्ही दोन्ही डॉलर लावायला सांगतो. उद्या रकाना आडवा कॉपी केलात तर फॉर्म्युला मोडायला नको.

खाली कॉपी करताना सेलच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातला छोटा चौकोन ओढण्याऐवजी त्यावर दोनदा क्लिक केले तर शेजारच्या रकान्यात जिथपर्यंत मजकूर आहे तिथपर्यंत फॉर्म्युला भरला जातो. मध्ये ओळ रिकामी असेल तर मात्र तो तिथेच थांबतो. लांब यादीत शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन एकदा खात्री करा.

हीच चूक दरपत्रकातून दर शोधताना अधिक त्रास देते. J2 ते K4 मध्ये मालाची नावे आणि दर आहेत, आणि C2 मध्ये तुम्ही असे लिहिले:

```
=VLOOKUP(A2,J2:K4,2,FALSE)
```

एक ओळ खाली गेले की J2:K4 चे J3:K5 होते, पुढे J4:K6. म्हणजे दरपत्रक वरून एकेक ओळ गमावत जाते. पत्रकातले पहिले नाव तूप असेल आणि सहाव्या ओळीत पुन्हा तूप आले, तर ते सापडत नाही आणि #N/A येतो, जरी पत्रकात नाव समोर दिसत असले तरी. अशा वेळी तिथे दर हाताने लिहू नका आणि IFERROR लावून शून्यही दाखवू नका. दोन्हींमुळे मूळ बिघाड झाकला जातो. पत्रकाचा पत्ता बांधा:

```
=VLOOKUP(A2,$J$2:$K$4,2,FALSE)
```

A2 ला डॉलर लावू नका. लावलात तर सगळ्या ओळींत पहिल्याच मालाचा दर येईल, आणि त्यावर त्रुटीचा संदेशही मिळणार नाही.

फाइल पाठवण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, यादीतला शेवटचा फॉर्म्युला निवडून F2 दाबा. त्यात वापरलेल्या सेलभोवती रंगीत चौकटी दिसतात. दराची चौकट H1 वर नसून रिकाम्या जागी असेल तर बिघाड तिथेच कळतो. दुसरी, कर वेगळ्या वाटेने काढून पाहा. एकूण किंमत 14800 गुणिले 5 टक्के म्हणजे 740. E ची बेरीजही तेवढीच हवी. पैशांची पूर्णांकात जुळवणी केली असेल तर किरकोळ फरक चालतो, शेकड्यांचा नाही.

डॉलर काय करत नाही, हेही सांगायला हवे. तो सेलला कुलूप लावत नाही. वर एक ओळ नवीन घातली तर एक्सेल स्वतःच $H$1 चे $H$2 करतो, ते योग्यच आहे. पण ज्या ओळीत दर आहे ती ओळच काढून टाकली तर सगळीकडे #REF! येतो. म्हणून दराचे सेल यादीपासून दूर, शक्यतो वेगळ्या शीटवर ठेवा.

आणि दर एकाच सेलमध्ये असल्याचा एक धोका आहे. 22 सप्टेंबर 2025 रोजी तूप, लोणी आणि पाकीटबंद फरसाण यांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. H1 मध्ये 12% च्या जागी 5% लिहिले की 21 तारखेपर्यंतच्या बिलांचाही कर बदलून जातो, आणि ती बिले तर 12 टक्क्यांनीच दिलेली असतात. दर मध्येच बदलला की जुना सेल तसाच ठेवा, H2 मध्ये नवीन दर 5% असा लिहा आणि 22 पासूनच्या ओळींना, समजा 30 व्या ओळीपासून, तो जोडा:

```
=D30*$H$2
```

पहिल्या नव्या ओळीत हे लिहून तिथून खाली ओढा, वरच्या ओळींना हात लावू नका.

फाइल आम्हाला पाठवताना पीडीएफ किंवा फोटो न पाठवता मूळ एक्सेलच पाठवा, फॉर्म्युल्यांसकट. नुसते आकडे आले की कर कुठल्या दराने काढला ते आम्हाला दिसत नाही, आणि चूक असली तरी ती कोणत्या ओळीपासून सुरू झाली ते शोधता येत नाही.