जिल्ह्याच्या उजेडाची बेरीज: तक्ता वाचण्याआधी एवढं समजून घ्या

विदर्भातल्या कोणत्या जिल्ह्यात वीज किती पसरली, हे उपग्रहाच्या रात्रीच्या चित्रावरून सांगा, अशी मागणी आमच्याकडे संस्था, अभ्यासक आणि जिल्हा पातळीवरचे नियोजन करणारे लोक घेऊन येतात. पद्धत ऐकायला सोपी आहे. चित्र म्हणजे चौकोनांची जाळी, प्रत्येक चौकोनात उजेडाचा एक आकडा. जिल्ह्याच्या हद्दीत येणारे सगळे आकडे जोडायचे, दोन वर्षांच्या बेरजा शेजारी ठेवायच्या आणि फरक काढायचा. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये `Zonal statistics` हे काम दोन मिनिटांत करून देतं. पण तसंच केलं तर गडचिरोलीसारख्या जिल्ह्याचं उत्तर हमखास चुकतं. का चुकतं आणि आम्ही त्यावर काय करतो, ते इथे दिलं आहे.

आम्ही २०१२ पासून उपलब्ध असलेल्या व्हीआयआयआरएस संवेदकाची वार्षिक सरासरी चित्रं वापरतो. त्याआधीची, १९९२ ते २०१३ मधली डीएमएसपी या जुन्या उपग्रहांची चित्रं वेगळ्या मापाची आहेत. त्यांत आकडा ६३ च्या वर जातच नाही, म्हणून नागपूरसारखं शहर कितीही उजळलं तरी तिथेच अडकून राहतं. जुन्या चित्रातून २०१० आणि नव्यातून २०२० घेऊन फरक काढलेला तक्ता कोणी दाखवला, तर तो बाजूला ठेवावा. महिन्याची चित्रंही मिळतात, पण पावसाळ्यात ढगांमुळे मोकळ्या रात्री फार थोड्या उरतात. शिवाय मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला जमीन मोकळी करण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात. तो वणवा महिन्याच्या चित्रात गावाच्या दिव्यासारखाच चमकतो. वार्षिक चित्रात अशा आगी बऱ्याच अंशी गाळलेल्या असतात.

आता मुख्य अडचण. या चित्रातला चौकोन १५ कोनीय सेकंदांचा असतो. आपल्या अक्षांशावर तो उत्तर-दक्षिण सुमारे ४६३ मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे ४३५ मीटर, म्हणजे साधारण ०.२ चौरस किलोमीटर भरतो. गडचिरोलीचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. म्हणजे बेरीज सुमारे ७१,५०० चौकोनांची. त्यातले बहुतेक घनदाट जंगलातले, जिथे एकही दिवा नाही. पण अंधारातला चौकोनही शून्य दाखवत नाही. वातावरणाचा मंद प्रकाश आणि उपकरणाचा गोंगाट मिळून तिथे थोडासा आकडा उरतोच.

समजण्यासाठी सोपे आकडे घेऊ. हे प्रत्यक्ष मोजमाप नव्हे. २०१४ मध्ये अंधाराचा आकडा दर चौकोनाला ०.२० धरा. तो ७१,५०० ठिकाणी जोडला की १४,३०० होतात. खऱ्या दिव्यांची बेरीज ३,००० असेल, तर तक्त्यात १७,३०० येणार. २०२३ पर्यंत दिवे दुप्पट होऊन ६,००० झाले आणि अंधार तेवढाच राहिला, तर तक्ता २०,३०० दाखवेल. म्हणजे दुप्पट झालेली गोष्ट कागदावर जेमतेम १७ टक्के वाढलेली दिसते. याच्या उलटही घडतं. अंधाराचा आकडा ०.२० चा ०.२५ झाला, की एकही नवा खांब न लावता बेरजेत ३,५७५ ची भर पडते, म्हणजे खऱ्या वाढीपेक्षाही जास्त. २०१४ आणि २०२३ ची चित्रं प्रक्रियेच्या वेगळ्या आवृत्त्यांतली असल्यानं असा सरकलेला आकडा अगदी शक्य आहे.

यावर तयार उपाय म्हणजे `average_masked` हे चित्र. त्यात एका ठरावीक मर्यादेखालचे, म्हणजे अंधाराचे, चौकोन शून्य केलेले असतात. ते वापरणं कच्च्या चित्रापेक्षा बरंच, पण त्यातही एक खोच आहे. एखाद्या लहान गावाचा उजेड मर्यादेच्या किंचित खाली असेल तर २०१४ मध्ये ते गाव शून्य. पुढे दोन-चार दिवे वाढून मर्यादा ओलांडली, की पूर्ण आकडा एकदम दिसू लागतो. वाढ थोडी, उडी मोठी. धानोरा-एटापल्लीकडच्या विरळ वस्तीत हे जास्त होतं, वर्ध्यात कमी. म्हणजे जिल्ह्यांची तुलना इथेच वाकडी होते.

म्हणून आम्ही दोन्ही वर्षांना एकच साचा लावतो. दोनपैकी कोणत्याही एका वर्षी उजळ ठरलेला चौकोन दोन्ही वर्षांत मोजतो, पण आकडा न गाळलेल्या `average` चित्रातून घेतो आणि त्यातून त्या वर्षाचा अंधार वजा करतो. अंधाराचा आकडा भामरागडच्या आतल्या, वस्तीपासून दूर असलेल्या जंगलाच्या चौकोनांचा मध्यक काढून ठरवतो. क्यूजीआयएसच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये २०२३ साठी सूत्र असं लिहावं. २०१४ साठी शेवटच्या कंसात त्या वर्षाचं चित्र आणि त्या वर्षाचा अंधार घालायचा:

```
(("mask2014@1" > 0) OR ("mask2023@1" > 0)) * ("avg2023@1" - 0.25)
```

वजाबाकीनंतर काही चौकोन किंचित उणे येतील. ते शून्य करू नका. गोंगाट दोन्ही बाजूंना असतो. उणे बाजू कापली की बेरीज विनाकारण फुगते.

मग हद्द. दोन्ही वर्षांना एकच हद्दफाईल हवी, हे सांगायला नकोच. पण वैनगंगा ही चंद्रपूर आणि गडचिरोलीमधली सीमा आहे आणि वडसा अगदी तिच्या काठावर. दिव्यांचा प्रकाश शेजारच्या चौकोनांतही सांडतो. हद्दीची रेघ अर्धा किलोमीटर सरकली तर वडशाच्या उजेडाचा काही भाग चंद्रपूरच्या खात्यावर जातो. नागपूरला त्याचं काही वाटणार नाही, पण एकूण उजेड मुळात कमी असलेल्या जिल्ह्याचा टक्का हलतो. तपासण्यासाठी हद्द एक चौकोन आत आणि एक चौकोन बाहेर घेऊन बेरीज पुन्हा करावी. उत्तर फार बदललं तर रेघ आधी दुरुस्त करावी.

बेरीज नीट आली तरी तो उजेड कोणाचा, हा प्रश्न उरतोच. वरच्या उदाहरणातल्या ३,००० च्या वाढीपैकी १,८०० एकट्या सुरजागडच्या लोहखाण परिसरातून आली असेल, तर गावांच्या वाट्याला १,२०० उरतात. म्हणजे शंभर टक्के नव्हे, चाळीस. म्हणून खाणी, वीज केंद्रं आणि एमआयडीसीचे चौकोन आम्ही वेगळ्या रकान्यात देतो. चंद्रपूरच्या बाबतीत हा रकाना नसेल तर तक्ता वाचूच नये.

उपग्रह रात्री दीडच्या सुमारास वरून जातो. त्या वेळी घरातले दिवे विझलेले असतात. २०१७ मध्ये सुरू झालेल्या सौभाग्य योजनेतल्या घरजोडण्या म्हणूनच या चित्रात जवळजवळ दिसत नाहीत. कृषिपंप तर मुळीच नाहीत. रात्रपाळीच्या विजेवर अख्खं शिवार ओलित होत असलं तरी मोटार काही उजेड पाडत नाही. दिसतात ते पथदिवे, हायमास्ट, जिनिंग आणि कारखाने. ग्रामपंचायतीचं बिल थकून पथदिवे बंद पडले की गाव अंधारलेलं दिसतं, घराघरात वीज असली तरी. पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी लावले तरी आकडा घसरतो, कारण हा संवेदक ५०० नॅनोमीटरच्या खालचा निळा प्रकाश टिपत नाही. घट दिसली की आधी त्या गावात दिवे कधी बदलले, ते विचारावं.

आमच्या तक्त्यात प्रत्येक जिल्ह्यापुढे दोन्ही वर्षांची बेरीज, फरक, टक्केवारी आणि वजा केलेला अंधार असतो. फरक आणि टक्का जोडीनंच वाचा: ३,००० चे ६,००० आणि ९,००० चे १२,००० यांत फरक सारखाच, टक्के मात्र १०० आणि ३३. काम सांगताना कोणती दोन वर्षं हवीत, हद्दफाईल तुमची की आमची, आणि मधल्या काळात पथदिवे बदललेल्या गावांची यादी असल्यास ती सोबत द्यावी.