सबब आणि समर्थन

सबब आणि समर्थन ही एखाद्या कृत्याचा दोष तपासताना दिली जाणारी दोन वेगळ्या जातीची उत्तरे आहेत. समर्थन करणारा म्हणतो, ‘हे मी केले, आणि त्या घडीला तेच करणे योग्य होते.’ सबब सांगणारा म्हणतो, ‘जे झाले ते वाईटच झाले, पण त्याचा दोष माझ्यावर, निदान पुरता, येत नाही.’ हा भेद इंग्लिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी 1956 मध्ये दिलेल्या एका अध्यक्षीय भाषणातून विशेष चर्चेत आला. रोजच्या मराठीत ‘सबब’ या शब्दाला खोटेपणाचा वास येतो आणि सरकारी पत्रात तर तो केवळ ‘म्हणून’ या अर्थाने येतो. येथे मात्र तो खऱ्या, तपासून पाहता येणाऱ्या कारणासाठी वापरला आहे.

कोकण किनाऱ्यावर वारंवार उद्‌भवणाऱ्या एका तंट्यावरून हा भेद नीट कळतो. रत्नागिरीच्या बाजूला एका लहान मच्छीमाराने संध्याकाळी समुद्रात जाळी मांडली, टोकाला बोया आणि दिवा लावला. रात्री एक ट्रॉलर त्या जाळ्यांवरून गेला आणि सकाळी जाळ्याच्या चिंध्या हाती आल्या. उत्तर कोणतेही असो, नुकसान तेवढेच आहे. ट्रॉलरवरचा प्रमुख, म्हणजे तांडेल, काय उत्तर देतो, त्यावर मात्र निवाडा बदलतो.

समजा तो म्हणाला, ‘समोर अंधारात बिनदिव्याची होडी आली, तिच्यात माणसे होती, सुकाणू वळवले नसते तर ती फुटली असती, आणि वळवल्यावर वाटेत जाळी आली.’ हे समर्थन आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम 81 खाली (आता भारतीय न्याय संहितेचे कलम 19) दिलेले उदाहरण जवळजवळ हेच आहे : जहाजाच्या कप्तानाचा स्वतःचा काही दोष नसताना अशी वेळ येते की मार्ग न बदलल्यास वीस-तीस उतारू असलेली एक नौका बुडणार, आणि बदलल्यास दोनच उतारू असलेल्या दुसऱ्या नौकेला धोका, जिला चुकवता येण्याची शक्यता आहे. मोठे नुकसान टाळण्यासाठी, दुसऱ्या नौकेला इजा करण्याचा हेतू नसताना आणि सद्भावनेने त्याने मार्ग बदलला, आणि टाळू पाहिलेला धोका तसाच गंभीर होता, तर तो गुन्हेगार ठरत नाही. मात्र ‘स्वतःचा दोष नसताना’ हे शब्द निसटू देता कामा नयेत. तांडेल झोपला होता म्हणून होडी उशिरा दिसली असेल, तर शेवटच्या क्षणीचे वळण योग्य असूनही तो आधीच्या दोषातून सुटत नाही.

दुसरे उत्तर अपघाताचे. सुकाणूची साखळी अचानक तुटली आणि ट्रॉलर हातात राहिला नाही. येथे जाळी फाटणे योग्य होते असे कोणीच म्हणत नाही, म्हणून ही सबब आहे. कलम 80 (आता 18) अपघाताला माफी देताना अट घालते की कृत्य कायदेशीर असावे, ते कायदेशीर रीतीने व साधनांनी आणि योग्य काळजी घेऊन चाललेले असावे, आणि गुन्हेगारी हेतू वा जाणीव नसावी. खरी तपासणी इथेच होते. साखळी गंजलेली आहे हे खलाशांनी आठवड्याआधीच सांगितले होते का? महाराष्ट्राच्या 1981 च्या सागरी मासेमारी कायद्याखाली किनाऱ्यालगतच्या ज्या पट्ट्यात ट्रॉलिंगला मनाई आहे, तिथे हा ट्रॉलर ओढत होता का? तसे असेल तर साखळी खरोखरच तुटली असूनही सबब कोसळते, कारण दोष त्या क्षणातून निघून आधीच्या निष्काळजीपणात जाऊन बसतो. जाळे अडकल्यावर पंखा थांबवला की तसेच पुढे गेले, हेही विचारावे. थांबून परत आलेल्या माणसाचा ‘चुकून झाले’ हा शब्द अधिक वजनाचा असतो.

तिसरे उत्तर दबावाचे, आणि ते बहुधा सुकाणूवर बसलेल्या खलाशाचे असते : ‘जाळी दिसली होती, पण तांडेलाने सांगितले सरळ घे, नाहीतर उद्यापासून बोटीवर येऊ नकोस.’ कायदा येथे फार कडक आहे. कलम 94 (आता 32) नुसार धमकी अशी हवी की तत्काळ मृत्यूची वाजवी भीती वाटावी. शिवाय माणूस आपखुशीने त्या परिस्थितीत गेलेला नसावा. खून आणि मृत्युदंडाचे राज्यविरोधी अपराध यांना ही सबब लागूच होत नाही. काम जाण्याची भीती या कसोटीला उतरत नाही. तरी नैतिक निवाड्यात ती शून्य धरणे अन्यायाचे होईल. हंगामाची उचल अंगावर असलेल्या खलाशाला खरोखर किती वाट मोकळी होती, हे पाहून दोष कमी धरावा. तो तांडेलाकडे सरकतो, नाहीसा होत नाही.

चौथे उत्तर अज्ञानाचे. ‘जाळी आहेत हे माहीत नव्हते’ हे वस्तुस्थितीचे अज्ञान आहे. दिवा विझलेला असेल आणि बोया लाटांत दिसणे शक्य नसेल, तर ही सबब चांगली आहे. ‘इथे ट्रॉलिंगला मनाई आहे हे माहीत नव्हते’ हे कायद्याचे अज्ञान, आणि ते चालत नाही. याची कठोरता मुंबईत दिसली. ज्यूरिकहून मनिलाला निघालेला एक परदेशी प्रवासी 28 नोव्हेंबर 1962 रोजी सांताक्रूझ विमानतळावर 34 किलो सोन्यासह सापडला. सोने नोंदवण्याची नवी अट भारताच्या राजपत्रात चारच दिवस आधी, 24 तारखेला, आली होती. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने त्याला दोषी धरले, पण शिक्षा भोगून झाली तेवढ्यावरच आणली. दोष कायम आणि शिक्षा हलकी, ही या प्रकारच्या सबबीला मिळणारी नेहमीची जागा आहे.

दोन उत्तरांतला फरक तिसऱ्या माणसापाशी सर्वांत स्पष्ट होतो. होडी वाचवण्यासाठी सुकाणू वळवणे योग्य असेल तर त्याला हात देणारा खलाशीही योग्यच करतो, आणि उद्या दुसऱ्या तांडेलानेही तसेच करावे. सबब मात्र ज्याची त्याच्यापुरती असते. वेडाच्या भरात कोणी जाळी कापत असेल तर तो माणूस क्षम्य आहे; त्याला सुरी पुरवणारा शहाणा नाही. जाळीवाल्याने त्याला अडवायचे की नाही? कलम 98 (आता 36) सांगते की वेडामुळे किंवा गैरसमजामुळे ज्याचे कृत्य गुन्हा ठरत नाही, त्याच्याविरुद्धही स्वसंरक्षणाचा हक्क पूर्ण राहतो. आपली संहिता समर्थन आणि सबब यांना ‘सर्वसाधारण अपवाद’ या एकाच प्रकरणात, वेगळी नावे न देता ठेवते. पण या कलमात तो भेद तिने मानलेला दिसतो.

एक प्रकार वादाचा उरतो. तांडेलाला दिसलेली ‘होडी’ प्रत्यक्षात वाहत आलेला ओंडका निघाली तर? त्याने जे मानले ते खरे असते तर वळण योग्य ठरले असते, म्हणून काही अभ्यासक यालाही समर्थन म्हणतात. प्रस्तुत लेखकाच्या मते ही सबब आहे, कारण वाचवायला तेथे कोणीच नव्हते आणि जाळी विनाकारण फाटली. तांडेलाची नजर त्या अंधारात प्रामाणिकपणे फसली, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येते.