‘निवाडे दाखव’ म्हटलं, आणि निवाडे तयार झाले

ऑगस्ट २०१९ मध्ये एल साल्वादोरहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या आव्हियांकाच्या विमानात खाण्यापिण्याची धातूची गाडी एका प्रवाशाच्या गुडघ्यावर आदळली. त्याने नुकसानभरपाईचा दावा लावला. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या माँट्रियल करारानुसार अशा दाव्याला दोनच वर्षांची मुदत असते, आणि ती उलटून गेली आहे असं कंपनीचं म्हणणं होतं. मधल्या काळात, २०२० साली, कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. त्यामुळे मुदतीचं घड्याळ थांबलं, असा युक्तिवाद प्रवाशाच्या वकिलांना करायचा होता. त्यासाठी त्यांनी चॅटजीपीटी उघडलं. १ मार्च २०२३ रोजी त्यांनी न्यायालयात जे उत्तर दाखल केलं, त्यातले सहा निवाडे जगात कुठेच नव्हते.

या प्रकरणाची बातमी तेव्हा जगभर झाली, पण बहुतेकांनी ती ‘मशीन खोटं बोललं’ इथेच सोडून दिली. खरी शिकण्यासारखी गोष्ट न्यायाधीश केविन कॅस्टेल यांच्या २२ जून २०२३ च्या आदेशात आहे. वकिलाने काय काय टाइप केलं होतं, ते त्या आदेशात क्रमाने नोंदवलेलं आहे.

वकिलाने टाइप केलेली पहिली सूचना, म्हणजे पहिला प्रॉम्प्ट, असा होता: दिवाळखोरीमुळे मुदत थांबते, असा युक्तिवाद कर. यावर सर्वसाधारण माहिती आली. उत्तर कोणत्या देशात दावा लावला आहे त्यावर अवलंबून असेल, असंही त्यात होतं. एकही निवाडा मात्र नव्हता. खरं तर हे उत्तर बरंच सावध होतं. मग वकिलाने लिहिलं की या म्हणण्याला आधार देणारे निवाडे दे. त्यानंतर, विमान कंपनीच्या दिवाळखोरीमुळे मुदत थांबली अशा फेडरल खटल्यांतले नेमके निष्कर्ष दाखव. मग, आणखी दाखव. प्रत्येक वेळी मागितलं ते मिळत गेलं. न्यायाधीशांनी हे नेमकं टिपलं आहे: ‘दे’, ‘दाखव’, ‘आणखी दाखव’ असं सांगितल्यावर चॅटबॉटने निवाडे रचून आज्ञा पाळली.

हे का होतं ते समजायला चॅटजीपीटीच्या मुळाशी असलेलं मॉडेल कसं तयार होतं ते थोडं पाहायला हवं. भाषेचं मॉडेल प्रचंड मजकूर वाचून एकच गोष्ट शिकतं: आतापर्यंतच्या शब्दांनंतर पुढे काय येण्याची शक्यता जास्त. अमेरिकी निवाड्याचा संदर्भ लिहायची पद्धत (वादी विरुद्ध प्रतिवादी, खंड, ग्रंथमालेचं नाव, पान, न्यायालय, वर्ष) त्या मजकुरात असंख्य वेळा येते, म्हणून तो साचा मॉडेलला चोख पाठ होतो. पण एखादा विशिष्ट निवाडा कोणत्या खंडात, कोणत्या पानावर, हे त्यात एकदाच किंवा दोनदाच आलेलं असतं. तो तपशील पक्का बसत नाही. म्हणून साचा अचूक आणि आतला ऐवज मनचा, असं उत्तर तयार होतं. त्या सहांपैकी ‘वर्गीस विरुद्ध चायना सदर्न एअरलाइन्स’ हा निवाडा खंड ९२५, पान १३३९ वर असल्याचं सांगितलं होतं. तो खंड खरा आहे आणि ते पानही आहे, फक्त तिथे वेगळ्याच न्यायालयाचा, वेगळ्याच विषयावरचा निवाडा छापलेला आहे.

प्रश्नाच्या शब्दांचं वजन या प्रकरणाच्या आधीच लक्षात आलं होतं. २०२० च्या उन्हाळ्यात, चॅटजीपीटीच्या आधीचं जीपीटी-३ हे मॉडेल नवं असताना केविन लॅकर या प्रोग्रामरने त्याला विचारलं होतं की हवाईपासून सतरापर्यंत उडी मारायला किती इंद्रधनुष्यं लागतात. उत्तर आलं, दोन. प्रश्नाला काही अर्थ नाही, पण ‘किती’नंतर आकडा येतो हे मॉडेलला माहीत होतं. थोड्याच दिवसांत दुसऱ्या एका संशोधकाने दाखवलं की संभाषणाच्या सुरुवातीलाच निरर्थक प्रश्न कसे ओळखायचे आणि ते कसे परतवायचे याची काही उदाहरणं दिली, तर तेच मॉडेल असे प्रश्न परतवून लावतं. मॉडेलमध्ये काहीही बदललेलं नव्हतं. ‘हे मला मान्य नाही’ असं म्हणायची वाट तेवढी मोकळी करून दिली होती.

ती वाट मुळात बंद का असते, याचं मला सर्वांत पटणारं उत्तर ओपनएआय आणि जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी सप्टेंबर २०२५ मध्ये मांडलं. ते आपल्याकडच्या मुलांना चटकन कळेल. एमएचटी-सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून शेवटच्या दोन मिनिटांत सगळे उरलेल्या प्रश्नांची उत्तरं अंदाजाने देऊन टाकतात. नीटमध्ये चुकीला एक गुण कापला जातो, तिथे हात आखडतो. मॉडेलची परीक्षा घेणाऱ्या बहुतेक चाचण्या सीईटीसारख्या आहेत. बरोबर उत्तराला एक गुण, चुकीला शून्य आणि ‘माहीत नाही’लाही शून्य. अशा परीक्षेत ठोकून देणाराच पुढे जातो. त्यांनी सुचवलेला उपाय म्हणजे प्रश्नातच नियम लिहायचा: ७५ टक्क्यांहून जास्त खात्री असेल तरच उत्तर दे, बरोबरला १ गुण, चुकीला उणे ३, ‘माहीत नाही’ला ०. खात्री ४० टक्केच असेल तर उत्तर देण्याची सरासरी किंमत ०.४ वजा १.८, म्हणजे उणे १.४ होते. मग गप्प बसणंच फायद्याचं.

आता तो वकिली प्रश्न पुन्हा लिहून पाहू.

```
विमान कंपनीच्या दिवाळखोरीमुळे माँट्रियल
करारातली दोन वर्षांची मुदत थांबते का?
बाजूने, विरोधात किंवा दोन्हीकडे निवाडे असतील,
किंवा एकही नसेल.
फक्त खाली जोडलेल्या मजकुरावरून उत्तर दे.
प्रत्येक विधानाखाली मजकुरातलं मूळ वाक्य
जसंच्या तसं दे.
आधार नसेल तर "मजकुरात नाही" एवढंच लिही.
```

पहिला फरक क्रियापदाचा आहे. ‘थांबते असे निवाडे दे’ यात उत्तर आधीच गृहीत धरलेलं होतं, ‘थांबते का’ यात नाही. ‘एकही नसेल’ या शब्दांनी रिकाम्या हाताने परत यायला परवानगी मिळते. पण सर्वांत जास्त काम जोडलेला मजकूर करतो, कारण मग मॉडेलला स्मरणातून काढायचं नसून समोरच्या पानातून शोधायचं असतं. मूळ वाक्य मागण्याचा फायदा असा की ते उचलून मजकुरात Ctrl+F ने शोधता येतं. सापडलं नाही, किंवा दोन शब्द इकडचे तिकडे झालेले दिसले, की तिथेच थांबायचं.

मॉडेललाच ‘हे खरं आहे ना?’ विचारून मात्र काही हाती लागत नाही. त्या वकिलाने नेमकं तेच केलं होतं. वर्गीस खरा खटला आहे का, असं त्याने विचारलं. होकार आला, आणि बाकीचे निवाडेही नामांकित कायदेविषयक डेटाबेसमध्ये मिळतील असं आश्वासनही मिळालं. तो होकारही आधीच्या संभाषणाला जुळणारा पुढचा मजकूरच होता. डेटाबेस कोणी उघडलेलाच नव्हता. ‘खोटं सांगू नकोस’ या सूचनेचंही तसंच आहे, कारण कोणता तपशील मनचा आहे हे मॉडेलला धड कळत नसेल तर ती पाळायची कशी?

सावध प्रॉम्प्टची किंमतही आहे. खात्रीची अट फार कडक केली की मॉडेल माहीत असलेलंही नाकारू लागतं. आणि वाक्य मजकुरात शब्दशः सापडलं तरी ते निष्कर्षाला आधार देतंच असं नाही. निवाड्यात हरलेल्या बाजूचं म्हणणंही सविस्तर दिलेलं असतं. तिथलं वाक्य उचललं तर शोध यशस्वी होतो आणि अर्थ नेमका उलटा निघतो. त्यामुळे वाक्य सापडल्यावर त्याच्या वरचे आणि खालचे दोन परिच्छेद स्वतः वाचावे लागतात.