क्वार्ट्झ स्फटिक दोलक : समतुल्य मंडल

दोन इलेक्ट्रोडांमध्ये बसवलेला क्वार्ट्झ स्फटिक बाहेरच्या मंडलाला जसा भासतो, तसे वागणारे विद्युत मंडल. यात दोन शाखा समांतर असतात. एकीत प्रवर्तकत्व L1, धारणा C1 आणि रोध R1 एकसरीत येतात. ते अनुक्रमे स्फटिकाचे वस्तुमान, लवचिकता आणि घर्षण दाखवतात. दुसऱ्या शाखेतील C0 मात्र इलेक्ट्रोड आणि आवरणाची खरीखुरी धारणा होय. या मंडलाला बटरवर्थ आणि व्हॅन डाइक यांची नावे जोडली जातात. बटरवर्थ यांची मांडणी 1914-15 च्या सुमाराची आणि एकूणच विद्युत-यांत्रिक कंपकांसाठी होती. व्हॅन डाइक यांनी 1925 च्या आसपास ती स्फटिकाला लावली. त्यामुळे जोडनाव अधिक रास्त वाटते.

घड्याळातील 32,768 हर्ट्झच्या चिमटाकृती स्फटिकात C1 साधारण 0.003 आणि C0 1.5 पिकोफॅरड असते. यावरून L1 सुमारे 7,860 हेन्री निघते. एवढे वेटोळे कोणी गुंडाळू शकणार नाही. ज्या वारंवारतेला L1 आणि C1 एकमेकांचा परिणाम रद्द करतात ते एकसर अनुस्पंदन. त्याच्या जेमतेम 33 हर्ट्झ वर समांतर अनुस्पंदन येते. या अरुंद पट्ट्यातच स्फटिक प्रवर्तकासारखा वागतो आणि घड्याळातील नेहमीचा दोलक तिथेच चालतो. म्हणून बाहेरचे भाग थोडे बदलले तरी वारंवारता फार हलत नाही. रोध-धारित्र दोलक एक टक्का सरकला, तर दिवसाला 864 सेकंदांची चूक होते. शिवाय 32,768 म्हणजे 2^15. पंधरा वेळा निम्मे केले की सेकंदाला एक ठोका मिळतो.

पट्ट्यातील नेमकी जागा भार-धारणा CL, म्हणजे स्फटिकाला बाहेरून जोडलेली एकूण धारणा, ठरवते. Δf ही एकसर अनुस्पंदनापासूनची सरक:

Δf/f = C1 / (2(C0 + CL))

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून 12.5 पिकोफॅरड भार-धारणेसाठी बनवलेला स्फटिक आणला आणि दोन्ही पायांना तेवढ्याच मूल्याचे कपॅसिटर लावले, ही नेहमीची चूक. स्फटिकाच्या दृष्टीने ते एकसरीत असल्याने 6.25 होतात, बोर्ड आणि आयसीचे 3.5 धरून 9.75. सूत्राप्रमाणे सरक दशलक्षात 107 ऐवजी 133 येते आणि घड्याळ दिवसाला सव्वादोन सेकंद पुढे जाते. 18-18 पिकोफॅरड लावल्यास 9 अधिक 3.5, म्हणजे बरोबर 12.5. तपासताना ऑसिलोस्कोपचा प्रोब थेट स्फटिकाच्या पायाला लावू नये. त्याच्या धारणेने वारंवारता उतरते किंवा दोलन बंद पडते. आयसीच्या विभाजित आउटपुटवर मोजावे.

25 अंशांपासून तापमान दोन्हीकडे सरकले तरी चिमटा मंदावतो. 35 अंशांना दिवसाला सुमारे 0.3 सेकंद. पावसाळ्यातला दोष वेगळा असतो. बोर्डावर उरलेला फ्लक्स दमट हवेत गळती निर्माण करतो, आणि अभिप्राय-रोध कित्येक मेगओहमचा असल्याने तेवढ्यानेही दोलन थांबते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, वाळवून घड्याळ पुन्हा चालले तर स्फटिक बदलण्याचे कारण नाही.