ड्राफ्टिंग (सायकल व जलतरण शर्यती)

शर्यतीत पुढच्या स्पर्धकाच्या अगदी मागे किंवा बगलेला राहून त्याच्या आडोशाने स्वतःची ताकद वाचवण्याच्या तंत्राला ड्राफ्टिंग म्हणतात. मराठी सायकलपटू याला ‘चाक धरणे’ म्हणतात आणि मागे पडलेल्याला ‘चाक सोडू नकोस’ असं ओरडून सांगतात. समुद्रात पोहणारे पुढच्याचे पाय धरतात, म्हणजे त्याच्या पावलांमागे राहतात.

कारण दोन्हीकडे एकच आहे. सायकलस्वार हवा कापत जातो तेव्हा त्याच्यासमोर दाब वाढतो, तर पाठीमागे हवेला पटकन जुळून येता येत नाही. तिथे कमी दाबाचा, भोवऱ्यांनी भरलेला पट्टा तयार होतो आणि त्यातली हवा स्वाराबरोबर थोडी पुढे ओढली जाते. मागच्याला त्यामुळे हलती हवा मिळते आणि त्याच्या अंगावरचा वारा कमी होतो. पाण्यातही हेच घडते. फक्त पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असल्याने सायकलच्या तुलनेत फारच कमी वेगालाही फायदा जाणवतो.

हा फायदा वेगावर किती अवलंबून आहे, हे मुंबई-पुणे सायकल शर्यतीत उत्तम दिसते. पनवेल ते खोपोली रस्ता बराचसा सपाट आहे आणि त्यानंतर बोरघाट लागतो. सायकलसह ८० किलो वजनाचा एक स्वार घेऊ. वारा पडलेला आहे आणि तो सपाटीवर ताशी ४० किलोमीटरने चालला आहे. हँडलवर वाकून बसलेल्या अशा स्वाराला हवा ढकलायला सुमारे २५५ वॅट लागतात आणि टायर-रस्त्याच्या घर्षणासाठी ४५, म्हणजे एकूण ३००. आता तो पुढच्या चाकापासून वीतभर ते फूटभर अंतरावर आला आणि हवेचा रोध ३५ टक्के घटला असे धरू. हवेचे काम १६५ वॅटवर येते, घर्षण तेवढेच राहते आणि बेरीज होते २१०. वेग तोच राहून ९० वॅट, म्हणजे ३० टक्के ताकद वाचली. प्रत्यक्ष मोजमाप याच्या जवळ जाते. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या मॅकोल आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात ताशी ३२ किलोमीटरला एका स्वारामागे राहिल्याने प्राणवायूचा वापर १८ टक्के, तर ४० किलोमीटरला २७ टक्के कमी झाला. आठ जणांच्या घोळक्याच्या मागे ही बचत ३९ टक्क्यांपर्यंत गेली.

वरच्या स्वाराने तासभर असे चाक धरले, तर स्नायूंची कार्यक्षमता २४ टक्क्यांच्या आसपास धरून त्याचे सुमारे ३२० किलोकॅलरी इंधन वाचते, म्हणजे जवळजवळ ८० ग्रॅम कर्बोदके. शर्यतीत खाऊन एवढे भरून काढायला सहसा तासाहून जास्त वेळ जातो. ही शिल्लक घाटात कामी येते.

घाटात मात्र हिशेब पार बदलतो. ६ टक्के चढावर तोच स्वार ताशी १८ किलोमीटरने चढतो आहे असे धरू. गुरुत्वाविरुद्ध त्याला सुमारे २३५ वॅट लागतात, घर्षणाला २० आणि हवेला फक्त २३. आडोशाने २३ पैकी ८ वॅट वाचतील, म्हणजे एकूण कष्टाच्या जेमतेम ३ टक्के. हवेला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, त्यामुळे वेग निम्म्याखाली आला की आडोशाची किंमतही कोसळते. म्हणून खोपोलीपर्यंत एकत्र राहिलेला घोळका घाटात फुटतो आणि ‘घाटाचा राजा’ हा किताब ज्याच्या त्याच्या पायांवरच मिळवावा लागतो.

मग पुढे राहायला कोणी तयार का होते? पुढच्यालाही थोडा लाभ असतो. मागे माणूस आला की त्याच्या पाठीमागचा कमी दाब किंचित भरून निघतो आणि त्याचा रोध दोन-अडीच टक्के कमी होतो. पण खरे कारण पाळीचे आहे. चौघे घोळक्यातून पुढे निसटले असतील आणि प्रत्येकाने थोडा वेळ पुढे काम करून बाजूला सरत शेवटचे चाक धरले, तर ते चौघे एकट्यापेक्षा कितीतरी वेगाने जातात. प्रतिस्पर्धी असूनही ते काही काळ भागीदार होतात. पाळी न घेणाऱ्यावर राग निघतो तो यामुळेच, आणि माझ्या मते तो रास्त असतो. मोठ्या घोळक्यात लाभ आणखी वाढतो. ब्लॉकेन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली १२१ स्वारांच्या दाट घोळक्याचा संगणकावर आणि पवनबोगद्यात अभ्यास केला. मध्यभागी-मागच्या जागांवर रोध एकट्या स्वाराच्या फक्त ५ ते १० टक्के निघाला. रस्त्यावर खड्डे, वळणे आणि सततचे ब्रेक व उसळ्या यांमुळे इतका लाभ सलग टिकत नाही.

आडोसा सापडल्याची खूण कानांना कळते: वाऱ्याचा घोंगावणारा आवाज एकदम मंदावतो आणि पॅडल हलके होते. वारा बगलेने असेल तर आडोसा सरळ मागे नसतो, तो वारा येतो त्याच्या उलट अंगाला तिरका सरकतो. सर्वात घातक चूक म्हणजे आपले पुढचे चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला नेणे. तो खड्डा चुकवायला सरकला की चाके घासतात, आणि पडतो बहुधा मागचा. नजर चाकावर न खिळवता पुढच्याच्या खांद्यांपलीकडे ठेवावी लागते.

पोहण्यात चॅटार्ड आणि विल्सन यांनी २००३ साली केलेले मोजमाप उपयोगी आहे. पुढच्याच्या पावलांपासून अर्ध्या मीटरच्या आत राहिल्यास पाण्याचा रोध सुमारे २० टक्के कमी होतो. प्राणवायूचा वापर ११ टक्के, तर जोराच्या श्रमाने रक्तात वाढणारे लॅक्टेट ३८ टक्के कमी आढळले. बगलेला, थोडे मागे राहिल्यास रोधातली घट ६ ते ७ टक्केच असते. तरीही बरेच जण कमरेजवळची जागा निवडतात, कारण तिथून पुढच्याला मागे टाकणे सोपे जाते आणि त्याच्या लाथा चुकतात.

संक रॉक ते गेटवेसारख्या शर्यतीत मुंबईचे गढूळ पाणी मोठी अडचण ठरते. पुढची पावले दिसत नाहीत. लाथांचे बुडबुडे चेहऱ्यावर आणि हातांवर जाणवतात, तेवढाच मार्ग उरतो. बुडबुडे थांबले म्हणजे अंतर वाढले किंवा दिशा चुकली. पुढचा भरकटला तर मागचाही भरकटतो, आणि गेटवेजवळच्या प्रवाहात तिरके पोहलेले शंभर मीटर वाचवलेली ताकद खाऊन टाकतात. म्हणून अनुभवी जलतरणपटू दर काही हातांनंतर डोके उचलून स्वतः खूण पाहतो.

जलतरण तलावातल्या शर्यतीत स्पर्धकांच्या मार्गिकांमध्ये दोऱ्या असूनही शेजारच्या लाटेचा लाभ मिळू शकतो. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ४ × १०० मीटर फ्रीस्टाइल रिलेत अमेरिकेच्या जेसन लेझॅकने फ्रान्सच्या अलँ बर्नार्डच्या बाजूच्या दोरीला चिकटून पोहत त्याला गाठले. अमेरिकेने ०.०८ सेकंदाने सुवर्ण जिंकले.

नियम खेळागणिक वेगळे आहेत. रस्त्यावरच्या सामूहिक सायकल शर्यतीत आणि खुल्या पाण्यातल्या शर्यतीत ड्राफ्टिंग मान्य आहे. एकट्याच्या टाइम ट्रायलमध्ये ते निषिद्ध आहे. ऑलिम्पिक ट्रायथलॉनमध्ये सायकलवर ते चालते, पण आयर्नमॅन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉन शर्यतीत पुढच्यापासून ठरलेले अंतर राखावे लागते आणि मोडल्यास वेळेचा दंड होतो. धरमतर ते गेटवेसारख्या एकट्याने पोहायच्या लांब अंतरात सोबतच्या होडीमागे राहून लाभ घेणे लांब पल्ल्याच्या जलतरणाच्या संकेतांत बसत नाही. होडी बाजूने चालते.